सोलरची टाकी पॅनेलपेक्षा किती उंच हवी? संध्याकाळी दहा बादल्या गरम पाणी, पहाटे चारच

गोडोलीकर (१२ डिसेंबर, रात्री ९.१०)

नमस्कार. साताऱ्यात गोडोलीत आमचे दुमजली घर आहे आणि गच्चीवर दोनशे लिटरचा सोलर गेल्या ऑक्टोबरात बसवला आहे. तो काचेच्या नळ्यांचा नाही. वर सपाट काच आणि आत तांब्याच्या नळ्या असलेली दोन पॅनेल आहेत, पंप नाही, पाणी आपोआप फिरते. दिवसा पाणी उत्तम तापते. संध्याकाळी सात वाजता पंधरा लिटरच्या दहा बादल्या काढल्या तरी दहावी बादलीही अंगावर घेता येत नाही इतकी गरम असते. मात्र आमच्या मातोश्री पहाटे साडेपाचला स्नान करतात, त्यांच्यामागोमाग मी जातो आणि माझ्या वाट्याला गार पाणी येते. संध्याकाळी कोणीही नळ उघडलेला नसताना पहाटे जेमतेम चार बादल्या गरम निघतात. ज्यांनी सोलर बसवला त्यांचे म्हणणे असे की थंडीत एवढे होणारच. मला मात्र टाकीचे आवरण कच्चे असावे किंवा टाकीच दोनशे लिटरची नसावी असा संशय येतो.

फितीने घेतलेली मापे देतो, सर्व गच्चीच्या फरशीपासून आहेत. पॅनेलची लांबी दोन मीटर, खालची कड ४५ सेंटिमीटरवर आणि वरची कड १६० सेंटिमीटरवर आहे. गरम टाकीचा तळ १४५ सेंटिमीटरवर असून तिचा बाहेरचा व्यास ५५ सेंटिमीटर आहे. गार पाण्याची टाकी जिन्याच्या खोलीवर आहे आणि तिचा तळ २२५ सेंटिमीटरवर येतो. दक्षिणेकडचा कठडा ९० सेंटिमीटर उंच असून पॅनेलपासून दीड मीटर लांब आहे.

तासगावची_सून (१२ डिसेंबर, रात्री १०.०२)

आमच्याकडेही हीच तक्रार होती. बोअरचे पाणी इतके जड आहे की दोन वर्षांत काचेच्या नळ्यांमध्ये पांढरा थर साचला आणि तीन नळ्या एका हिवाळ्यात तडकल्या. आपण नळ्या काढून आतून पाहाव्यात. टाकीच्या उंचीचा प्रश्न आमच्याकडे कधी आलाच नाही, कारण नळ्या थेट टाकीतच खोवलेल्या असतात.

कराडचा_अभि (१२ डिसेंबर, रात्री १०.४०)

गोडोलीकर, आपले दुखणे मला माहीत आहे, कारण माझ्या मामांच्या घरी हेच झाले होते. रात्री पाणी उलटे फिरते. यावर उपाय सोपा आहे, त्यासाठी टाकी हलवण्याची गरज नाही. टाकीतून पॅनेलकडे जाणाऱ्या पाइपवर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, पाणी एकाच दिशेने जाईल आणि विषय संपेल. टाकी जमेल तितकी उंच नेणे हेही चांगलेच, कारण उंची जितकी जास्त तितका प्रवाह जोरात.

ओळंबा (१३ डिसेंबर, सकाळी ७.१५)

मी मिरजेत राहतो. सोलरचे स्टँड आणि पाइपिंग ही कामे सव्वीस वर्षे केली, आता गुडघ्यांमुळे गच्च्या चढणे बंद झाले आहे. आपण मापे दिलीत हे फार बरे केलेत. एरवी लोक नुसता फोटो टाकतात आणि त्यात स्टँडसमोर भाचा उभा असतो.

ताई, आपल्याकडील प्रकार वेगळा आहे. काचेच्या नळ्यांत गरम आणि गार पाणी एकाच नळीत शेजारून चढते-उतरते, तिथे दोन वेगळे पाइप नसतात. शिवाय नळीभोवती निर्वात पोकळी असल्याने रात्री ती फारशी गारही होत नाही. गोडोलीकरांची अडचण पाइपांची आहे.

अभि यांचे निदान बहुधा बरोबर आहे, उपाय मात्र बरोबर नाही. त्याकडे नंतर येतो, आधी निदानाची खात्री करू. पहाटे कोणीही नळ उघडण्याआधी गच्चीवर जा. पॅनेलच्या वरच्या कोपऱ्यातून गरम पाणी ज्या पाइपने टाकीकडे जाते, त्या पाइपचे पॅनेलजवळचे युनियन, म्हणजे पाइपचा जोड, आवरणाविना असेल, त्याला हात लावा. मग खालच्या पाइपचे युनियन चाचपा. त्यानंतर स्नानगृहात बादलीमागून बादली भरा आणि प्रत्येक बादलीचे तापमान लिहून ठेवा. एका बादलीवरून काहीही कळत नाही. बादल्यांची रांग लावली म्हणजे टाकीच्या पोटात काय आहे ते वरपासून खालपर्यंत दिसते.

गोडोलीकर (१४ डिसेंबर, सकाळी ६.५५)

शेजारी दूध संकलन केंद्र आहे, तिथून दुधात सोडायचा काचेचा थर्मामीटर मागून आणला. पहाटे पाचला गच्चीवर हवा १२ अंश होती. वरच्या पाइपचे पॅनेलजवळचे युनियन हाताला स्पष्ट कोमट लागले. खालचे युनियन लोखंडी फाटकासारखे गार होते.

बादल्यांची तापमाने क्रमाने अशी आहेत: ५६, ५५, ५३, ४७, ३८, २९ आणि सातवी २२. काल संध्याकाळी एक तांब्या काढून मोजला तेव्हा ५८ अंश होते.

ओळंबा (१४ डिसेंबर, दुपारी १.३०)

ही रांग पाहिल्यावर टाकीच्या आवरणावरचा आरोप मागे घ्यावा लागेल. आवरण कच्चे असते तर टाकीतील सगळे पाणी थोडे थोडे थंड झाले असते. पहिली बादली ४५ आणि सातवीही ४३-४४ अशी रांग दिसली असती. आपल्याकडे वरचे पाणी जवळजवळ तसेच आहे आणि खालचा निम्मा भाग ताज्या गार पाण्याने भरलेला आहे. नळ बंद असताना हे गार पाणी टाकीच्या तळाशी आले कुठून? ते रात्रभर पॅनेलमधून आले. टाकीतले गरम पाणी वरच्या पाइपने पॅनेलमध्ये उतरले, आकाशाखाली गार झाले आणि खालच्या पाइपने टाकीच्या तळाशी परत चढले. म्हणूनच पहाटे वरचे युनियन कोमट आणि खालचे गार लागले. दिवसा पाणी तापवणारे पॅनेल रात्री पाणी गार करण्याचे काम करीत होते.

हिशेबानेही हेच निघते. पाच सेंटिमीटर पफचे आवरण असलेली दोनशे लिटरची कोरडी, धड टाकी अशा थंडीत जोडण्यांची गळती धरून साधारण ८० वॅट उष्णता गमावते. बारा तासांत ते एक युनिट होते, म्हणजे सगळ्या टाकीचे तापमान चार अंशांनी उतरते. आपल्याकडे शंभरेक लिटर पाणी ५८ वरून २०-२२ अंशांपर्यंत आले आहे. ती तूट चार युनिटांच्या वर जाते. एवढी उष्णता पफमधून बाहेर पडायची तर टाकीचा पत्रा पहाटे हाताला गरम लागला असता.

तरीही एका रात्रीचा प्रयोग करा. खालच्या पाइपवर गेट व्हॉल्व्ह असेल तर सूर्यास्तानंतर तो बंद करा आणि पहाटे बादल्या पुन्हा मोजा. वरचा पाइप आणि टाकीवरची हवेची नळी उघडीच राहिली पाहिजे. सकाळी ऊन पॅनेलवर येण्याआधी व्हॉल्व्ह न विसरता उघडा, अन्यथा पॅनेलमधले थोडेसे पाणी दुपारपर्यंत उकळेल आणि त्यातला सगळा क्षार नळ्यांना चिकटून बसेल. रोज उघडझाक करणे हा उपाय नव्हे, कारण माणूस विसरतोच.

कराडचा_अभि (१४ डिसेंबर, दुपारी २.०५)

काका, निदान मान्य झाले याचा आनंद आहे. पण रोज माणूस विसरतो म्हणूनच तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो का चालू नये?

वाईचे_मास्तर (१४ डिसेंबर, रात्री ८.४५)

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे, प्लंबिंगचा अनुभव मला शून्य आहे. मात्र अभि यांच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते.

एक घनमीटर पाण्याचे वजन २० अंशांना ९९८ किलो आणि ६० अंशांना ९८३ किलो भरते. म्हणजे चाळीस अंशांच्या फरकाला हजारात जेमतेम पंधरा किलोंचे अंतर पडते. एक मीटर उंचीचे दोन पाइप शेजारी उभे केले, एकात गार आणि दुसऱ्यात एवढे गरम पाणी भरले, तर गार बाजूचा जास्तीचा दाब केवळ पंधरा मिलिमीटर पाण्याइतका असतो. प्रत्यक्ष पॅनेलमध्ये पाणी एका फेरीत आठ-दहा अंशच तापते, त्यामुळे सगळे वर्तुळ फिरवणारा दाब काही मिलिमीटरच उरतो. बाजारात मिळणारा स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडायलाच निदान दहा-वीस सेंटिमीटर पाण्याचा दाब लागतो. पंपासमोर ही गोष्ट क्षुल्लक आहे, पण इथे तो व्हॉल्व्ह रात्री पाणी थांबवील आणि दिवसाही थांबवील.

कराडचा_अभि (१४ डिसेंबर, रात्री ९.२०)

मग मामांकडे तो कसा चालतो? तिथे नक्की व्हॉल्व्ह आहे आणि पाणीही गरम मिळते.

ओळंबा (१५ डिसेंबर, सकाळी ७.४०)

तो स्प्रिंगचा नसून आडवा बसवलेला, आत हलकी झडप लोंबकळणारा असावा. अशी झडप दोन-चार मिलिमीटरलाही हलते. मीही काही ठिकाणी ती बसवली आहे, पण सांगली-मिरजेकडच्या जड पाण्यात एक-दोन हिवाळ्यांत तिच्या बिजागरीवर क्षार बसतो. मग ती अर्धवट उघडी तरी राहते, नाहीतर बंद तरी. मामांच्या गावी नदीचे गोडे पाणी असेल तर ती दहा वर्षेही चालेल, त्याबद्दल माझा वाद नाही. मात्र जिथे टाकी वर सरकवता येते तिथे मी हलता भाग घालत नाही.

आणि टाकी जितकी उंच तितके बरे, हेही अर्धेच खरे आहे. उंचीबरोबर पाइपची लांबी वाढते आणि पाइप गार पडतो. शिवाय प्रवाह फार जोरात झाला तर टाकीतील गरम-गार थर ढवळले जातात आणि दुपारी बारालाही सगळी टाकी कोमटच राहते.

गोडोलीकर (१६ डिसेंबर, सकाळी ६.३०)

काल रात्री खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवला होता. पहाटेच्या बादल्या: ५५, ५५, ५४, ५४, ५४, ५३, ५२, आठवी ५०. मातोश्रींनी विचारले की आज पाणी कुठून आणले.

निदान निर्विवाद झाले. आता माझा प्रश्न असा आहे की तळ केवळ १५ सेंटिमीटर खाली असल्याने एवढा फरक का पडावा, आणि दिवसा पाणी इतके चांगले कसे तापते? दिवसा तापते म्हणजे उंची बरोबर आहे, असे मला सोलर बसवणाऱ्यांनी सांगितले होते आणि मला ते पटलेही होते.

ओळंबा (१६ डिसेंबर, रात्री ८.१०)

ही समजूत फार ठिकाणी ऐकू येते. दिवसा पॅनेलच्या अर्ध्या उंचीपासून टाकीच्या अर्ध्या उंचीपर्यंत जे अंतर असते ते पाणी फिरवते, आणि आपल्याकडे ते सत्तर सेंटिमीटर आहे. त्यामुळे टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेच्या थोडा खाली असला तरी दिवसाचे काम अडत नाही. टाकीची उंची दिवसासाठी नव्हे, रात्रीसाठी असते.

रात्री काय होते ते पाहा. पॅनेल गार आहे, दोन्ही पाइप गार आहेत, टाकी गरम आहे. वरचा पाइप टाकीच्या बाजूने वर चढून तिच्या पोटात शिरतो. त्या उंचीपुरते टाकीत गरम पाणी आणि शेजारच्या पाइपमध्ये गार पाणी अशी स्थिती असते. गार बाजू जड असल्याने ती खाली सरकू लागते आणि तिच्या मागून टाकीतले गरम पाणी पाइपमध्ये ओढले जाते. ही सुरुवात प्रत्येक सोलरमध्ये होते, टाकी कितीही उंच असो.

फरक पुढे पडतो. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा हातभर उंच असेल, तर वरच्या पाइपमध्ये उतरलेले गरम पाणी त्या मधल्या हातभर अंतरात पोहोचते. त्याच उंचीवर दुसऱ्या बाजूला खालच्या पाइपमध्ये गार पाणी असते. आता गरम बाजू हलकी झाली, ती आणखी खाली उतरायला तयार होत नाही, आणि प्रवाह जागच्या जागी थबकतो. म्हणजे मधले अंतर बुचासारखे काम करते. आपल्याकडे ते अंतरच नाही. गरम पाणी पाइपमधून निघाले की थेट पॅनेलच्या गार पत्र्यात पडते, पुन्हा गार आणि जड होते आणि खालच्या पाइपमधले पाणी परत टाकीत ढकलते. हे चक्र सूर्य उगवेपर्यंत चालते.

माझा नियम तीस सेंटिमीटरचा आहे आणि जागा असेल तर पंचेचाळीस. साठच्या पुढे मी कधी गेलो नाही.

गोडोलीकर (१६ डिसेंबर, रात्री ९.३०)

तीस धरले तर टाकी ४५ सेंटिमीटर वर न्यावी लागेल. तळ १९० आणि माथा २४५ सेंटिमीटरवर जाईल, पण गार टाकीचा तळ तर २२५ वर आहे. मग गार टाकी उचलावी लागणार काय? ती हजार लिटरची आहे.

ओळंबा (१७ डिसेंबर, सकाळी ७.०५)

गार टाकीला हात लावू नका. तिचा तळ गरम टाकीच्या माथ्यापेक्षा वर राहिलाच पाहिजे, कारण गार टाकी रिकामी होत आली की गरम टाकीचा वरचा भाग कोरडा पडतो आणि वरच्या पाइपचे तोंड पाण्याबाहेर येते. मग भर उन्हात फिरणे बंद होते.

वर जायला जागा नसेल तर पॅनेल खाली आणावे. खालची कड ४५ सेंटिमीटरवर कशासाठी ठेवली आहे? कठड्याच्या सावलीसाठी असे सांगितले असेल. आपला कठडा ९० सेंटिमीटर उंच आणि दीड मीटर लांब आहे. डिसेंबरात दुपारी त्याची सावली गच्चीवर पाऊण मीटरच्या थोडी पुढे पडते, सकाळी नऊला मीटरभर उत्तरेकडे येते. पॅनेलपर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून पाय कापून खालची कड १५ सेंटिमीटरवर आणा, वरची कड १३० वर येईल. टाकी फक्त १५ सेंटिमीटर उचला, तळ १६० वर आणि माथा २१५ वर येईल. मधले अंतर तीस आणि गार टाकीच्या तळाखाली दहा सेंटिमीटर मोकळे. जागा अपुरी पडली असती तर पॅनेलचा उतार ३५ अंशांवरून ३० वर आणला असता. त्याने आणखी १५ सेंटिमीटर मिळतात आणि साताऱ्याच्या १७.७ अक्षांशाला तोही उतार हिवाळ्यासाठी योग्यच आहे.

हवेची नळी गार टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा वर आहे ना, तेही पाहून घ्या. ती कमी पडली तर रात्री गार टाकी भरताना गरम पाणी गच्चीवर सांडत राहील.

काम करताना पॅनेल रिकामी असतील, तर ताडपत्रीने झाकून ठेवा. उन्हात तापलेल्या कोरड्या पॅनेलमध्ये गार पाणी सोडले की टाके निसटतात.

तासगावची_सून (१७ डिसेंबर, सकाळी ११.२०)

काका, पाय पंधरा सेंटिमीटर ठेवले तर पावसाळ्यात गच्चीवरचा पालापाचोळा खाली अडकणार नाही का? आमच्या गच्चीवर तेवढ्या जागेत मांजरीने पिले घातली होती.

ओळंबा (१७ डिसेंबर, दुपारी १.००)

अडकेल, ताई. झाडू जाईल इतकी जागा राहते, पण झाडावे लागेल. मांजरीला माझ्याकडे उपाय नाही.

गोडोलीकर (८ जानेवारी, रात्री ८.००)

काम काल झाले. वेल्डरने पाय कापले, टाकीच्या स्टँडला खालून १५ सेंटिमीटरचे तुकडे जोडले. सगळी मापे ठरल्याप्रमाणे आली, हवेची नळी टाकीबरोबर वर गेली. मात्र आता नवाच प्रकार सुरू झाला आहे. आज दुपारी एकला वरचे युनियन पॅनेलजवळ चटका बसेल इतके तापले होते, पण तोच पाइप टाकीजवळ गार होता. मधूनमधून पॅनेलमध्ये बुडबुड असा आवाज येतो. संध्याकाळी पाणी ३४ अंश भरले. पूर्वी निदान दिवसा तरी तापत होते.

कराडचा_अभि (८ जानेवारी, रात्री ८.३०)

पाइपमध्ये उतार नसणार. पाणी उतारानेच चढते.

ओळंबा (८ जानेवारी, रात्री ९.४०)

अभि, पाणी उताराने चढत नाही. भरलेल्या पाइपमध्ये पाण्याला चढ-उतार सारखेच. उतार हवेसाठी असतो. गार पाण्यात हवा विरघळलेली असते, पाणी तापले की ती बुडबुड्यांच्या रूपाने सुटते आणि वरच्या दिशेने वाट शोधते. पाइप पॅनेलपासून टाकीपर्यंत सतत चढता असेल तर ती टाकीत जाऊन नळीवाटे निघून जाते. वाटेत कुठेही उंचवटा आला आणि पुढे पाइप जरासा खाली गेला, की हवा त्या उंचवट्यावर मुक्काम करते. मास्तरांनी सांगितलेल्या काही मिलिमीटर दाबाला ती दोन सेंटिमीटर हवा ढकलून पुढे नेणे जमत नाही.

गोडोलीकर, वरचा पाइप पूर्वीचाच पुन्हा बसवला का? आणि तो आधी आडवा जाऊन मग सरळ वर चढतो का?

गोडोलीकर (८ जानेवारी, रात्री १०.०५)

होय. पॅनेलपासून १८० सेंटिमीटर आडवा जातो आणि मग एल्बो घेऊन टाकीकडे उभा चढतो. डोळ्यांना तरी तो सरळ दिसतो.

ओळंबा (९ जानेवारी, सकाळी ६.५०)

डोळ्यांवर विसंबू नका. गवंड्याकडची पारदर्शक नळी आणा, पाणसळ म्हणून वापरतात ती. तिच्यात पाणी भरून एक टोक पॅनेलजवळ पाइपच्या वरच्या पाठीला धरा आणि दुसरे टोक दर तीस सेंटिमीटरवर सरकवत पाइपची पाठ किती वर-खाली जाते ते लिहा.

गोडोलीकर (९ जानेवारी, सायंकाळी ५.३०)

पॅनेलपासून तीस सेंटिमीटरवर पहिला क्लॅम्प आहे, तिथे पाइप एक सेंटिमीटर उंच आहे. नव्वदवर तो पॅनेलच्या पातळीपेक्षाही अर्धा सेंटिमीटर खाली आहे. १८० वर पुन्हा एक सेंटिमीटर वर. म्हणजे पहिल्या क्लॅम्पवर दीड सेंटिमीटरचा कुबडा आहे. क्लॅम्प जरा उंच बसला होता आणि पॅनेल खाली आल्यावर पाइप त्याच्यावर वाकवून बसवला गेला.

ओळंबा (९ जानेवारी, रात्री ८.१५)

मिळाला. तो क्लॅम्प काढा. आणि एवढे करीतच आहात तर आडवा आणि उभा असे दोन तुकडे ठेवण्यापेक्षा पाइप पॅनेलपासून टाकीच्या तोंडापर्यंत तिरका न्या, काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या गोलाईचे बेंड वापरा. आडवा भाग ठेवायचाच असेल तर मीटरला निदान दोन-तीन सेंटिमीटर चढ द्या. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: पॅनेलची जोडीही किंचित कलती हवी. ज्या कोपऱ्यातून गरम पाणी निघते तो कोपरा दुसऱ्यापेक्षा दोन सेंटिमीटर उंच असू द्या, नाहीतर हवा पॅनेलच्या वरच्या नळीतच पलीकडच्या टोकाला बसून राहते. खालचा पाइपही टाकीपासून पॅनेलपर्यंत सतत उतरता असावा.

पाइप एक इंचीच आहे ना? काही जण बचत म्हणून अर्धा इंची घालतात. आतला व्यास निम्मा झाला की तेवढेच पाणी नेताना घर्षण सोळापट होते, आणि खर्चायला आपल्याकडे काही मिलिमीटरच आहेत.

गोडोलीकर (२१ जानेवारी, सकाळी ७.१०)

पाइप एक इंचीच होता. तो तिरका करून घेतला, दोन बेंड टाकले आणि पॅनेलच्या पूर्वेकडच्या पायांखाली दोन सेंटिमीटरच्या पत्र्याच्या चकत्या दिल्या. पहिल्या दिवशी हवेच्या नळीतून दहाएक मिनिटे फुसफुस ऐकू आली, नंतर थांबली. दुपारी टाकीजवळचा पाइप आता पॅनेलजवळच्या पाइपइतकाच गरम लागतो.

काल संध्याकाळी ५९ अंश होते. आज पहाटेच्या बादल्या: ५५, ५५, ५४, ५४, ५३, ५१, ४८, आठवी ४४. व्हॉल्व्ह उघडाच होता. मात्र ज्या रात्री व्हॉल्व्ह बंद ठेवला होता तेव्हा आठवी बादली ५० होती. हा सहा अंशांचा फरक कुठे गेला?

वाईचे_मास्तर (२१ जानेवारी, सकाळी १०.३०)

मला वाटते वरच्या पाइपच्या आतच गरम-गार पाणी शेजारून चढत-उतरत असावे. पाइप आता तिरका आहे आणि तिरक्या पाइपमध्ये गरम पाणी वरच्या अंगाने, गार खालच्या अंगाने असे दुहेरी वाहणे सोपे जाते. उभ्या पाइपमध्ये ते कमी झाले असते. हा तर्क आहे, मी मोजलेले नाही.

ओळंबा (२१ जानेवारी, दुपारी १.१५)

मास्तर, त्या पाइपमध्ये एवढे पाणी मावत नाही, आणि माझ्या अनुभवात तिरका पाइप कधी त्रासदायक ठरला नाही. मला संशय आहे तो पाइपवरच्या आवरणाचा. टाकीच्या अंगाला लागून चढणारा शेवटचा अर्धा मीटर नवा आहे. त्यावर आवरण घातले का?

गोडोलीकर (२१ जानेवारी, दुपारी २.००)

नाही. जुने आवरण फाटले होते, म्हणून तो भाग उघडाच राहिला आहे.

ओळंबा (२१ जानेवारी, दुपारी २.२०)

मग मी वर सांगितलेली सुरुवात रोज रात्री पुन्हा पुन्हा होत असेल. उघडा पाइप गार होतो, थोडे पाणी सरकते, बूच बसते. पाइप पुन्हा गार होतो, पुन्हा थोडे सरकते. आवरण घालून आठ बादल्या मोजा आणि मास्तरांच्या तर्कासाठी एका रात्री वरच्या पाइपच्या वरच्या आणि खालच्या अंगाला वेगवेगळा हात लावून पाहा. फरक जाणवला तर मी माझे म्हणणे मागे घेईन.

गोडोलीकर (२१ जानेवारी, दुपारी २.४५)

रविवारी आवरण आणतो. थर्मामीटर दूध केंद्राला परत करायचा आहे, तो आणखी आठवडाभर मागून घेतला आहे.